स्क्रॅबलमध्ये पहिला शब्द नेमका कुठून सुरू करावा?

प्रश्न: "माझी पहिली खेळी होती. 'प्लेस' लावला, पी डबल लेटरवर येईल असा, २४ गुण मिळाले. समोरच्याने त्याच्या आधी एम-आय-एस लावून 'मिसप्लेस' केलं आणि ट्रिपल वर्डचे ४२ घेऊन गेला. शब्द मध्यभागी सरकवायला हवा होता का? पहिल्याच खेळीत ट्रिपलची वाट उघडू नये म्हणून काय बघायचं?"

आधी एक सोय करून घेऊ, नाहीतर रकान्यांची इंग्रजी अक्षरं आणि टाइलवरची अक्षरं यांची सरमिसळ होते. बोर्डाच्या मधल्या ओळीत पंधरा घरं आहेत, ती डावीकडून १ ते १५ अशी मोजा. १ आणि १५ ही दोन टोकं लाल, म्हणजे ट्रिपल वर्ड. ८ हे मधलं घर, तिथे शब्द दुप्पट होतो आणि पहिल्या शब्दाने ते झाकावंच लागतं. ४ आणि १२ ही फिकट निळी, डबल लेटरची घरं. शब्द आडवा ठेवा की उभा, बोर्ड सगळीकडून सारखाच असल्यामुळे गणित बदलत नाही.

आता हे बघा. पहिल्या खेळीनंतर समोरच्याला लगेच हाताशी येणारे लाल घर म्हणजे याच ओळीतली दोन टोकं, दुसरं काही नाही. ८ नंबरच्या घरातून उभ्या दिशेनेही वर-खाली एकेक लाल घर आहे, पण तिथपर्यंत जायला तुमच्या अक्षराने सुरू होणारा किंवा संपणारा आठ अक्षरी शब्द लागतो. म्हणजे त्याला सातही टाइल एका दमात लावाव्या लागतात, आणि असा बिंगो ज्याच्या हातात आहे तो ५० चा बोनस एरवीही कुठेतरी वसूल करणारच. त्याची भीती पहिल्या खेळीत मी धरत नाही. मी बघतो ते एवढंच: माझ्या शब्दाच्या टोकापासून लाल घरापर्यंत किती घरं रिकामी राहतात, आणि तेवढ्या अक्षरांत माझा शब्द लांबवता येतो का.

तुमचा 'प्लेस', म्हणजे पी-एल-ए-सी-ई, ४ ते ८ मध्ये बसला. डावीकडे तीन घरं उरली, आणि नेमका तीन अक्षरांत लांबणारा शब्द निघाला. 'मिस' लावलं तर ४२, 'डिस' लावलं तर ३९. आता तुम्ही विचारता की सरकवायला हवा होता का. मी हा शब्द पाचही जागी ठेवून पाहिला.

८ ते १२ मध्ये ठेवला असता तर शेवटचा ई डबल लेटरवर येऊन २० गुण झाले असते, आणि उजवीकडे तीन घरं उरली असती. तिथे एन-टी-ए लावलं की 'प्लसेंटा' होतो, ३६ गुण. बी-ओ-एस लावलं की 'प्लसीबो'चं अनेकवचन, ४२ गुण. म्हणजे तिकडेही दार उघडंच. ५ ते ९ मध्ये ठेवला तर डावीकडे चार घरं राहतात, तिथे 'फायर' लावून 'फायरप्लेस' होतो. त्यातला शेवटचा ई चौथ्या घरात दुप्पट होतो आणि एकूण ५१. 'वर्कप्लेस'ही तिथेच बसतो. ७ ते ११ मध्ये ठेवला तर उजवीकडे चार घरं आणि 'मेंट', म्हणजे 'प्लेसमेंट', ५४ गुण. ६ ते १० मध्ये ठेवला तर दोन्हीकडे पाच-पाच घरं, म्हणजे डावीकडे 'बर्थप्लेस' आणि उजवीकडे 'प्लेसमेंट्स'. 'प्लेस' हा असा शब्द आहे की कुठेही ठेवा, लाल घराची वाट पूर्ण बंद होतच नाही.

मग प्रश्न उरतो तो शक्यतेचा. ठरलेली तीन अक्षरं सात टाइलमध्ये येणं अवघड, चार आणखी अवघड, पाच तर जवळजवळ सोडूनच द्या. तुमच्या शब्दापुरता हिशोब मी कागदावर केला. समोरच्याच्या सात टाइलमध्ये आय आणि एस असणं, शिवाय एम किंवा डी यातलं एक असणं, हे ब्लँक, म्हणजे कुठल्याही अक्षराऐवजी चालणारी कोरी टाइल, न धरता शंभरात चारेक वेळा घडतं. ब्लँक धरली तर सातच्या आसपास. पण ब्लँक हातात असताना बिंगोचा नाद सोडून ती ४२ गुणांना खर्च करायची का, यावर चांगला खेळाडू दोनदा विचार करतो.

आता ताळा मांडा. ४ नंबरच्या घरापासून सुरुवात केल्यामुळे तुम्हाला २४ मिळाले. मधे सरकवला असता तर कुठेही १८ च. म्हणजे ६ गुण रोख. त्या बदल्यात शंभरात चार ते सात वेळा समोरच्याला ४२ ची संधी. ती नसती तर त्याने काही शून्य घेतलं नसतं, वीस-पंचवीस गुणांची खेळी केलीच असती. म्हणजे त्या संधीचा खरा तोटा वीसेक गुणांचा, आणि तोही शंभरात सात वेळा. सरासरी काढली तर दीड गुणाच्या आतच. दीड गुण देऊन सहा घेतले, यात चूक काय? तुमची खेळी बरोबर होती. त्याला टाइल लागल्या, बस.

उलट 'सुरक्षित' म्हणून शब्द मधे ढकलला असता तर वेगळंच नुकसान झालं असतं, आणि याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. मधल्या ओळीच्या लगेच वर आणि लगेच खाली, ७ आणि ९ या रकान्यांत, फिकट निळी घरं आहेत. तुमच्या शब्दाचा स्वर तिथे शेजारी आला की समोरचा एखादं जड व्यंजन, एच किंवा एम, त्या निळ्या घरात ठेवून समांतर शब्द लावतो. ते अक्षर दोन शब्दांत मोजलं जातं आणि दोन्हीकडे दुप्पट. ५ ते ९ मध्ये 'प्लेस' ठेवा, ए सातव्या घरात येतो आणि ई नवव्या घरात. दोन्ही स्वर नेमके निळ्याच्या शेजारी. ४ पासून ठेवला तेव्हा सातव्या घरात सी आला होता, आणि सीला वर किंवा खाली एक अक्षर जोडून दोन अक्षरी शब्द जवळजवळ होतच नाही. फक्त 'सी-एच' हा एक कॉलिन्सच्या यादीत चालतो. आपल्याकडच्या स्पर्धांत तीच यादी असते, म्हणून तो लक्षात ठेवावा लागतो, एवढंच. थोडक्यात, लाल घराच्या धास्तीने तुम्ही सहा गुण सोडले असते आणि वर निळी घरंही देऊन बसला असता.

तुम्ही रॅकवर उरलेली दोन अक्षरं लिहिली नाहीत, त्यामुळे 'प्लेस'पेक्षा वेगळा शब्द बरा होता का, यात मी शिरत नाही. शब्द ठरला असं धरून जागेबद्दलच बोलतो.

पण याचा अर्थ टोकाकडे कायम डोळेझाक करावी असा नाही. कधी जागा बदलावी लागते ते दाखवायला 'ब्लॅक' घेऊ: बी, एल, ए, सी, के. के पाच गुणांचा आहे, म्हणून नवा खेळाडू हात न थबकता ८ ते १२ मध्ये ठेवतो, के डबल लेटरवर, ३६ गुण. ४ ते ८ मध्ये ठेवला तर बी डबल लेटरवर, ३२. कागदावर चार गुणांचा फरक.

आता उजवीकडच्या तीन रिकाम्या घरांत काय काय बसतं ते मोजा. ओ-यू-टी लावून 'ब्लॅकआउट'. आय-एन-जी. ई-एस-टी. 'ब्लॅकन' या क्रियापदाला एस, म्हणजे ई-एन-एस. टी-ओ-पी. हे सगळे ४८ ते ५४ गुणांचे, कारण मूळ शब्दच १३ गुणांचा जड आहे आणि तो आख्खा तिप्पट होतो. आणि अक्षरं बघा: ई, एन, एस, टी, ओ. ही तर थैलीतली रोजची भाजी-भाकरी. 'प्लेस'साठी शंभरात चार होतं, इथे यातलं एकतरी हाती असण्याची शक्यता ब्लँक न धरताही सात डावांत एकदा इतकी जाते. शिवाय ती एका खेळीपुरती नसते. समोरच्याने या वेळी नाही लावलं तर पुढच्या वेळी त्याच्याकडे नव्या टाइल येतात आणि वाट तशीच उघडी असते. दरम्यान तुम्हालाच तिथे काहीतरी अडवायला एक खेळी वाया घालवावी लागते.

४ ते ८ मध्ये ठेवलात तर? आधी तीन अक्षरं लावून 'ब्लॅक'वर संपणारा रोजचा शब्द नाही. 'लॅम्पब्लॅक', 'शूब्लॅक' यांना आधी चार अक्षरं लागतात, आणि जागा तीनचीच. सातव्या घरात पुन्हा सी, निळी घरंही गप्प. मी इथे डोळे मिटून ३२ घेतो. चार गुणांसाठी पन्नास गुणांचं दार सबंध डावभर उघडं ठेवावं, असं मला पटत नाही.

जी कसोटी लागली ती अशी: शब्द कितपत जड आहे, आणि टोकाला लागणारा तुकडा किती नेहमीचा आहे. हलका शब्द असेल, समजा 'ट्रेन', तर समोरच्याने ई-आर-एस लावून 'ट्रेनर्स' केलं तरी २४ च मिळतात. तेवढे तो एरवीही घेतो. तिथे मी फार विचार करत नाही. शब्दात के, डब्ल्यू, एच किंवा एक्स असेल तेव्हा मात्र दोनदा बघतो.

सहा अक्षरी शब्द टोकाला नेऊ नका, हे थोडक्यात सांगतो. तिथे दोनच घरं उरतात आणि ई-डी, ई-आर, आर-ई, यू-एन हे तर कुणाच्याही रॅकवर पडलेले असतात. 'फ्लॉवर' ८ ते १३ मध्ये ठेवला की ई-डी लावून 'फ्लॉवर्ड', ४५ गुण. एक-दोन घरं आत घ्या.

सात अक्षरी बिंगोची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे, कारण ती मी स्वतः भोगली आहे. आमच्याकडे इंदूरला रामबागेत रविवारी सकाळी पोहे झाले की बोर्ड निघतो. एका रविवारी पहिल्याच रॅकमध्ये 'पेंटर' आला: पी, ए, आय, एन, टी, ई, आर. आनंदाच्या भरात मी तो मधल्या घरापासून उजवीकडे लावत गेलो, ८ ते १४. ७० गुण. समोर वहिनी. त्यांनी शेवेची वाटी बाजूला ठेवली, बोर्डाकडे बघितलं, आणि १५ नंबरच्या लाल घरात एस ठेवला. नुसता एस नाही, उभा 'होम्स': एच, ओ, एम, ई, एस, वरून खाली, एस अगदी लाल घरात.

त्या एका एसने माझा 'पेंटर' अनेकवचनी केला आणि दोन्ही शब्द तिप्पट झाले. 'पेंटर्स'चे १० गुण तिप्पट म्हणजे ३०. 'होम्स'मध्ये एच उभ्या रकान्यातल्या डबल लेटरवर आला होता, त्याचे ८, बाकीचे धरून १४, तिप्पट ४२. एकूण ७२. माझे सात टाइलचे ७० आणि त्यांचे पाच टाइलचे ७२. "भाऊजी, एस तुम्हीच मागितला होता," एवढंच बोलल्या आणि वाटी परत हातात घेतली.

हे अपघाताने घडत नाही, हे समजून घ्या. थैलीत एस चार आणि ब्लँक दोन. माझ्या सातमध्ये यातलं एकही नव्हतं, म्हणजे सहाही बाहेरच. समोरच्याच्या सात टाइलमध्ये त्यातलं एकतरी असण्याची शक्यता शंभरात अडतीसच्या आसपास. मिसप्लेसच्या चारशी तुलना करा. सात अक्षरी शब्द टोकाला नेला की रिकामं घर एकच राहतं, आणि इंग्रजीतले बरेच शब्द शेवटी एक एस घ्यायला तयारच बसलेले असतात.

तोच 'पेंटर' ४ ते १० मध्ये ठेवायला हवा होता. पी डबल लेटरवर येतो, ७० ऐवजी ७४ होतात. एस जोडला तरी तो अकराव्या घरात पडतो, तिथे काही नाही. म्हणजे सुरक्षित जागेलाच जास्त गुण होते आणि मी हिशोब न करता उजवीकडे धावलो. सात अक्षरीत नेहमी हे बघा की सर्वांत जड अक्षर ४ किंवा १२ वर आणता येतं का. ते आणताना शब्दाची टोकं सहसा आपोआप आत येतात. २ ते ८ हीदेखील एक जागा होती, तिथे 'पेंटर'च्या आधी एक अक्षर लागून शब्द होत नाही, म्हणून धोका नव्हता. पण गुण ७० च, आणि ७४ समोर असताना ७० का घ्यावेत?

यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे. समोरचा कोण आहे हे पहिलं. घरी काका-मामांशी खेळताना मी 'प्लसेंटा'ची काळजी करत नाही. एस आणि आय-एन-जी मात्र सगळ्यांना दिसतात, शाळकरी पोरालाही. स्पर्धेत उलट धरायचं: जे यादीत आहे ते समोरच्याला दिसणारच. दुसरं, डाव कुठल्या अवस्थेत आहे हे पहिल्या खेळीत नसतंच, त्यामुळे 'मी मागे आहे म्हणून धोका पत्करतो' हे कारण इथे लागू नाही. ते पुढच्या खेळ्यांसाठी राखून ठेवा.

आणि एक प्रसंग असा आहे की जिथे मी 'ब्लॅक' मुद्दाम ८ ते १२ मध्ये ठेवीन. समजा शब्द लावून रॅकवर एन आणि जी उरले आहेत. थैलीत आय नऊ. मी पाच नव्या टाइल उचलणार, त्यात एखादा आय येण्याची शक्यता शंभरात चाळीस. म्हणजे आज ३६ आणि पुढच्या खेळीला आय-एन-जी लावून ५१. मधे समोरच्याची एक खेळी आहे, तो स्वतः लावेल किंवा अडवेल हा धोका आहेच, पण आता त्या वाटेवर माझाही हक्क आहे. शिवाय एक एन आणि एक जी माझ्याच हातात आहेत, आणि थैलीत जी एकूण तीनच, त्यामुळे आय-एन-जी त्याच्याकडे असण्याची शक्यता तेवढी उतरते. ई-एस-टी आणि ओ-यू-टीची मात्र उतरत नाही. उरलेल्या दोन टाइल व्ही आणि यू असत्या तर मी ही वाट उघडली नसती. म्हणून म्हणतो, पुढच्या वेळी विचाराल तेव्हा रॅकवर काय उरलं होतं तेही लिहा. 'कुठे ठेवू'चं अर्धं उत्तर त्या दोन टाइलमध्ये असतं.